मानीचा धर्म रोमपासून चीनपर्यंत पोचला, मग एकाही साम्राज्यात टिकला का नाही?

निवांत
मानी या माणसाबद्दल सध्या वाचतोय आणि एक कोडं काही सुटत नाहीये. इ.स. २१६ साली बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये जन्म. वडील स्नानशुद्धी पाळणाऱ्या एका कडक पंथात होते, हाही त्यातच वाढला. चोविसाव्या वर्षी तिथून बाहेर पडला आणि स्वतःचा धर्म सुरू केला. तोही अगदी योजना आखून. ग्रंथ स्वतः लिहिले, चित्रांचं पुस्तक केलं, कोणत्या प्रचारकाने कुठल्या दिशेला जायचं तेही नेमून दिलं. बुद्ध हिंदुस्थानात आला, जरथुष्ट्र इराणात, येशू पश्चिमेला, आणि आता या शेवटच्या काळात बाबिलोनियात मी, असा त्याचा दावा. अल बिरुनीने तो नोंदवून ठेवलाय.

शिकवण थोडक्यात अशी: प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वं. प्रकाशाचे कण जगात अडकून पडलेत, फळाभाज्यांतसुद्धा. ते मोकळे करायचे.

आता प्रश्न. इराणच्या सासानी राजांनी याला मारलं. रोमने ख्रिस्ती होण्याआधीही छळलं आणि झाल्यावरही. अब्बासी खलिफांनी छळलं, तांग चीननेही छळलं. या सगळ्यांचं आपसात एका गोष्टीवर एकमत नाही, मग यावरच कसं झालं? आणि एवढी तयारी असलेला धर्म संपला कसा?

टवाळ
पहिला! बाकी वाचून प्रतिसाद देतो.

कट्ट्यावरचा
सोपं आहे की. ख्रिस्ती चर्चने संपवला. मानी हा ख्रिस्ती धर्मातलाच एक पाखंडी पंथ होता. संत ऑगस्टीन स्वतः नऊ वर्षं त्यात होता, बाहेर पडला आणि मग त्यांच्यावर ग्रंथावर ग्रंथ लिहिले. चर्चच्या हातात सत्ता आली, विषय संपला.

ताम्रपट
कट्ट्यावरचा, ऑगस्टीनचं बरोबर आहे. मानी स्वतःला येशूचा प्रेषित म्हणवायचा, त्यामुळे ‘पाखंडी ख्रिस्ती’ हा शिक्का पश्चिमेत त्यांच्यावर बसला तेही खरं. पण रोममधला पहिला मोठा हुकूम डायोक्लिशनचा, इ.स. ३०२ चा. हा बादशहा जुन्या रोमन देवांचा कट्टर भक्त. त्याने पुढच्याच वर्षी ख्रिस्ती लोकांवरही मोहीम उघडली, म्हणजे यात चर्चचा हात असण्याचा प्रश्नच नाही.

तो हुकूम आफ्रिकेच्या सुभेदाराला उद्देशून आहे. पुढाऱ्यांना त्यांच्या ग्रंथांसकट जाळा, अनुयायी हट्ट सोडत नसतील तर त्यांना मृत्युदंड द्या, मालमत्ता सरकारजमा करा, आणि कुणी मोठ्या हुद्द्याचा माणूस यात सापडला तर त्याला खाणीत पाठवा. त्यात दिलेलं कारण महत्त्वाचं आहे: हा पंथ आपल्या शत्रूच्या, म्हणजे इराणच्या मुलखातून आलाय आणि साध्याभोळ्या रोमन लोकांत विष पसरवतोय. धर्मशास्त्राची चर्चा फारशी नाही. तक्रार मुख्यतः अशी की माल शत्रूकडचा आहे.

आणि गंमत बघा. ज्या इराणचे हस्तक म्हणून रोम यांना जाळत होतं, त्या इराणने खुद्द मानीला पंचवीस-तीस वर्षं आधीच तुरुंगात मारलं होतं.

मंजिरी
वाचतेय. ताम्रपट, मानीच्या मरणाची हकीकत लिहा ना. सासानी राजा पहिल्या शापूरने तर त्याला आश्रय दिला होता ना?

ताम्रपट
हो. शापूरने त्याला राज्यात फिरून प्रचार करायची मुभा दिली होती, आणि मानीने शापूरसाठी म्हणून मध्य-पर्शियनमध्ये एक ग्रंथ लिहिला. शापूर गेल्यावर वारं फिरलं. पुढे पहिला बहराम गादीवर आला, तेव्हा दरबारात कर्तीर नावाच्या मोबेदाचं, म्हणजे जरथुष्ट्री धर्मगुरूचं वजन होतं. कर्तीरने आपली कामगिरी खडकांवर कोरून ठेवलीय. ज्यांना दडपलं त्यांची यादीच दिलीय: यहुदी, श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती आणि ‘झंदीक’. हे झंदीक म्हणजे मानीवाले, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शेवटच्या भेटीचा वृत्तांत सोबत असलेल्या दुभाष्याच्या तोंडून आलाय. त्याचा तुकडा चीनच्या तुर्फानमध्ये सापडला. राजा जेवत होता, अजून हात धुतले नव्हते. मानीला दारात थांबवून ठेवलं. राजा बाहेर आला तो एक हात शकांच्या राणीच्या खांद्यावर आणि दुसरा एका सरदाराच्या खांद्यावर टाकून. पहिलंच वाक्य, ‘तुझं इथे स्वागत नाही.’ मानीने विचारलं, माझा अपराध काय? तेव्हा राजा जे म्हणाला त्याचा आशय असा: तुझा उपयोग तरी काय? लढाईला येत नाहीस, शिकारीला येत नाहीस. वैद्यकीसाठी म्हणून ठेवावं, तर तेही करत नाहीस.

मग हातापायांत आणि गळ्यात जड साखळ्या घालून तुरुंगात टाकलं. सव्वीस दिवसांनी तो गेला. साल २७४ की २७७ यावर अजून वाद आहे.

टवाळ
‘तुझा उपयोग तरी काय’ हे आमच्या घरीही रोज विचारलं जातं. धर्म काढायला हरकत नाही.

आजोबा_ठाणे
छान माहिती. आमच्या फोर्टच्या कचेरीत साहेब पारशी होते, अतिशय सज्जन माणूस. नवरोजला सगळ्या स्टाफला फालुदा असायचा. हे सगळे इराणातून छळामुळे गुजरातेत आलेले मानीचेच अनुयायी ना? प्रकाशाची पूजा म्हणजे अग्यारी, हे अगदी जुळतं.

ताम्रपट
आजोबा, नेमकं उलटं. पारशी म्हणजे जरथुष्ट्री, आणि वर जो कर्तीर आला तो त्यांच्याच मोबेदांपैकी. जरथुष्ट्री मताप्रमाणे हे जग चांगल्या देवाने निर्माण केलंय. संसार करणं, शेत पिकवणं, मुलंबाळं होणं हे पुण्याचं काम. मानीच्या हिशेबात हे जग म्हणजे प्रकाशाचा तुरुंग आणि मूल जन्माला घालणं म्हणजे आणखी प्रकाश कोंडणं. अंधार-उजेडाची भाषा दोघांची सारखी, पण निष्कर्ष अगदी विरुद्ध.

पारशांचा एक संबंध मात्र खरा आहे. ‘शिकंद-गुमानिक विजार’ या जरथुष्ट्री ग्रंथाचं शेवटचं प्रकरण मानीच्या मताचं खंडन करतं. त्याची मूळ पहलवी प्रत हरवली. तो आपल्यापर्यंत आला तो गुजरातेतल्या नेर्योसंग धवल या पारशी पंडिताने केलेल्या पाझंद, म्हणजे अवेस्ता लिपीत उतरवलेल्या, रूपामुळे.

आजोबा_ठाणे
असं होय. तरी साहेब फार सज्जन होते.

श्रावक_सांगली
मूळ लेखात ‘फळाभाज्यांतसुद्धा’ हे वाचून थबकलो. आमच्याकडे वनस्पतीत जीव मानतात, त्यामुळे कंदमूळ वर्ज्य. मुनीमहाराज स्वतः रांधत नाहीत, शेती करत नाहीत, श्रावकांकडे आहार घेतात, सूर्यास्तानंतर काही नाही. मानीच्या साधूंचं काय होतं? कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा, कारण हा योगायोग वाटत नाही.

ताम्रपट
श्रावक, तुलना तुम्ही पहिल्यांदा करत नाही आहात, अभ्यासकांनीही केलीय. मानीकडे दोन थर होते. वरचे ‘निवडलेले’: लग्न नाही, मांस-मद्य नाही, मालमत्ता नाही, आणि झाड तोडणं, फळ खुडणंसुद्धा नाही, कारण त्यात प्रकाशाला इजा होते. खालचे ‘श्रोते’: संसारी लोक. शेती-व्यापार करायचे आणि वरच्यांना रोजचं जेवण पुरवायचे. ‘निवडलेला’ दिवसातून एकदाच जेवायचा, तोही अंधार पडल्यावर, म्हणजे वेळ तुमच्या बरोब्बर उलट. काकडी-कलिंगडासारखी फळं खास, त्यांत प्रकाश जास्त. त्याच्या पोटात गेलेल्या फळातला प्रकाश सुटून वर चंद्राकडे जातो अशी श्रद्धा. म्हणजे जेवण हाच विधी.

ऑगस्टीनने यावरच नंतर टवाळी केली, की यांच्या मते अंजीर तोडलं की झाड रडतं, पण तेच अंजीर दुसऱ्याने तोडून साधूला दिलं तर त्यातून देवदूत बाहेर पडतात.

मानी तरुणपणी, २४० च्या सुमारास, समुद्रमार्गे सिंध-बलुचिस्तानकडे येऊन गेला होता हे त्यांच्याच ग्रंथांत आहे. तिथला तुरानचा राजा त्याने वळवला असंही त्यात म्हटलंय. तिथे त्याला बौद्ध भेटले असणार असं मानतात. जैन भेटले का, यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. ठाम पुरावा नाही.

सायली_डी
मला वाटतं, निवांत यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जो साधू स्वतः भाजी चिरू शकत नाही तो लपून कसा राहणार? रोज कुणीतरी जेवण आणून द्यायला हवं. सरकारने श्रोत्यांना धाक घातला की साधू उपाशी, आणि साधू नाही तर प्रकाश सोडवणारं कुणी नाही. रचनेतच खोट होती, राजे निमित्तमात्र.

श्रावक_सांगली
सायलीताई, मग आम्ही कसे टिकलो? आमचीही रचना तीच आहे.

सायली_डी
हं. विचार करते.

कट्ट्यावरचा
जैनांना रोमन बादशहाने जाळलं नाही म्हणून टिकले. मी म्हणतोय तेच.

मंजिरी
सायली, श्रोत्यांच्या घरात काय चालायचं याचा एक जिवंत नमुना आहे. इजिप्तच्या वाळवंटात दाखला नावाचं ओॲसिस आहे, तिथे केलिस नावाचं गाव होतं. चौथ्या शतकाअखेर ओस पडलं, वाळूखाली गेलं. तिथल्या घरांच्या खोदकामात पपायरसवरची घरगुती पत्रं निघाली, त्यांत एक मानीपंथी कुटुंबही आहे. वडील मकारियोस, आई मारिया, मुलगे मथायोस आणि पिएने. वडील नाईलच्या खोऱ्यात, आई गावी. मकारियोस मथायोसला बजावतो की स्तोत्रं वाचत राहा, ग्रीक असोत की कॉप्टिक, आणि रोज थोडं थोडं लिहायचा सराव ठेव, मला इथे पुस्तकं लिहून हवी आहेत. धाकटा पिएने तर पंथाच्या ‘महागुरूं’बरोबर फिरतोय आणि लॅटिन शिकतोय.

याच गावात सीरियाक-कॉप्टिक शब्दांच्या याद्याही मिळाल्या. म्हणजे ओॲसिसमधला शेतकरी-व्यापारी माणूस बाबिलोनियाच्या भाषेतलं शास्त्र आपल्या भाषेत आणत होता आणि मुलाला पश्चिमेत प्रचाराला तयार करत होता. बाकी सगळ्या पत्रांत तेल, खजूर, कापड, पैसे आणि ‘पत्राचं उत्तर का नाही’ हीच रड. 😀

डायोक्लिशनच्या हुकुमानंतर काही दशकांनीही हे चालू आहे, हे महत्त्वाचं. हुकूम निघाला म्हणजे धर्म संपला असं नसतं.

टवाळ
१७०० वर्षांपूर्वीही बाप परगावी राहून मुलाला ‘रोज शुद्धलेखन लिही’ म्हणत होता. पोरांना सुटका नाही.

दगडवाला
मी ग्रॅनाइटच्या धंद्यात आहे, त्यामुळे चीनमध्ये शियामेनला दगडाच्या बाजाराला जाणं होतं. तिथून जवळ चुआनचौ शहर, त्याच्या बाजूला जिनजियांग. तिथल्या एका डोंगरावर ‘त्साओआन’ नावाचं छोटं देऊळ आहे, आमच्या चिनी दलालाने दाखवलं. आत खडकातच कोरलेली मूर्ती, मांडी घातलेली. पहिल्या नजरेला बुद्धच, पण बुद्धाला दाढी नसते, याला आहे. केस सरळ खांद्यावर, आणि मागच्या प्रभावळीत किरणांच्या रेघा. तोंडाचा, अंगाचा आणि हाताचा दगड वेगळ्या छटेचा दिसतो. बाहेर पाटीवर १३३९ साल. तोच हा मानी. गावातल्या बायका उदबत्त्या लावून नमस्कार करत होत्या, त्यांच्या लेखी तो बुद्धच.

तेव्हा ‘संपला कसा’ याआधी विचारायला हवं, की चीनच्या त्या टोकाला हजार वर्षांनी मूर्ती कोरायला माणसं राहिली कशी.

निवांत
दगडवाला, भारीच! हे देऊळ आता चुआनचौच्या जागतिक वारसा यादीतही आहे (२०२१). पण चीनने तर ८४३ मध्ये बंदी घातली होती ना? ताम्रपट, चीनचं जरा नीट सांगाल का? मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

ताम्रपट
सांगतो, जरा लांबेल.

६९४ साली एक मानी धर्मगुरू सम्राज्ञी वू हिच्या दरबारात ‘दोन तत्त्वां’चा ग्रंथ घेऊन आला. ७३२ मध्ये दुसऱ्या सम्राटाचा हुकूम निघाला: हे मत खोटं आहे, बौद्ध असल्याचा आव आणून लोकांना फसवतं, चिन्यांनी पाळू नये. पण पश्चिमेकडच्या परकीयांचा हा घरचा धर्म असल्यामुळे त्यांनी आपापला पाळायला हरकत नाही. म्हणजे परवाना होता, पण परक्यांपुरता.

मग ७५५ मध्ये आन लुशान नावाच्या सेनापतीचं बंड झालं, राजधान्या हातच्या गेल्या. तांग सम्राटाने उत्तरेच्या उइगुर तुर्कांची फौज मदतीला बोलावली. ७६२ मध्ये लोयांग परत घेताना उइगुरांचा खान बोगू याची तिथे मानी धर्मगुरूंशी गाठ पडली. हे मुख्यतः सोग्दी, म्हणजे समरकंदकडच्या व्यापारी जमातीचे लोक. खान चौघांना बरोबर मंगोलियात घेऊन गेला आणि धर्म स्वीकारला. जगात मानीला राजधर्माचा मान मिळाला तो इथेच. त्यांच्या शिलालेखात म्हटलंय की गरम रक्ताचा वास येणारा देश आता भाजीपाला खाणारा झाला. भटक्या घोडेस्वारांबद्दल हे लिहिलंय, तेव्हा त्यातला किती भाग मनोरथाचा ते ज्याने त्याने ठरवावं.

आता चीनची पंचाईत बघा. उइगुरांनी राज्य वाचवलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नाही. ७६८ मध्ये त्यांच्या मागणीवरून मानी देवळाला परवानगी, ७७१ मध्ये यांगत्सेच्या बाजूच्या आणखी शहरांत. त्याच वेळी उइगुर आपली घोडी चीनच्या गळ्यात मारत होते, एका घोड्याला रेशमाचे ४० तागे. चिनी कागदपत्रांत याबद्दल नुसता जळफळाट आहे. शहरात मानी देऊळ, आसपास सोग्दी सावकार, आणि मागे उइगुर फौजेचा धाक. सामान्य चिनी माणसाला हा धर्म कुणाचा वाटला असेल?

८४० मध्ये किरगिझांनी उइगुरांची राजधानी जाळली. ८४३ मध्ये सीमेवर आलेल्या उइगुरांचा तांग सेनेने पाडाव केला, आणि त्याच वर्षी मानी देवळं बंद, ग्रंथ आणि चित्रं रस्त्यावर जाळली, मालमत्ता जप्त. राजधानीत ७२ साध्वी मेल्या असं बौद्ध लेखक सांगतात. एन्निन नावाचा जपानी भिक्षू तेव्हा तिथेच होता. त्याने रोजनिशीत लिहिलंय की मानी धर्मगुरूंचं मुंडन करून, त्यांना बौद्ध भिक्षूंची वस्त्रं चढवून ठार मारायचा हुकूम निघाला. दोन वर्षांत बौद्धांवरही तीच पाळी आली: ४,६०० मठ मोडले, अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारी केलं.

मंजिरी
पण बौद्ध त्यातून उठले, मानीवाले नाहीत. फरक इथे दिसतो. बौद्धांच्या मागे गावोगावचे चिनी लोक होते. यांच्या मागे खान होता, आणि खान गेला.

सायली_डी
बरोबर! आणि श्रावक, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जैनांकडे श्रावक पिढ्यान्‌पिढ्या घराण्याने असतात, आणि ते शत्रूचे हस्तक आहेत असं कुठल्या राजाला वाटायचं कारण नव्हतं. मानीकडे साधू नवा, श्रोताही नवा, आणि आश्रय शेजारच्या राजाचा.

श्रावक_सांगली
अर्धं पटलं. आश्रय आमच्याकडेही राजांचा होता, राष्ट्रकूटांपासून, आणि तो गेल्यावर दक्षिणेत आम्हालाही सोसावं लागलंय. शिवाय केलिसमध्ये आई-बाप-मुलगे सगळे त्याच पंथाचे दिसतात, मग ‘श्रोता नवा’ कसं म्हणता?

दगडवाला
आणि मग माझा मूर्तीचा प्रश्न राहिलाच. खान गेल्यावर पाचशे वर्षांनी मूर्ती कुणी कोरली?

ताम्रपट
दक्षिणेकडे, फुजियानमध्ये, उरलेले लोक पसरले. तिथे पाठीशी राजा नव्हता, म्हणून ते बौद्ध-ताओ देवळांच्या वळचणीला राहिले. मानीला ‘प्रकाश-बुद्ध’ म्हणू लागले. सुंग काळातले अधिकारी त्यांना ‘भाजी खाणारे भूतपूजक’ म्हणून हिणवतात आणि बंडखोर टोळ्यांबरोबर एकाच यादीत टाकतात, म्हणजे संशय होताच. पण तोपर्यंत ते पुरते चिनी झाले होते. फुजियानमध्येच शियापु इथे २००८ पासून जी हस्तलिखितं उजेडात आली, त्यांत चिनी लिपीत उच्चारानुसार लिहिलेली पार्थियन आणि मध्य-पर्शियन स्तोत्रं आहेत. म्हणणाऱ्यांना अर्थ कळत नसणार, तरी चालू होतं.

पश्चिमेतलं एक सांगून थांबतो. दहाव्या शतकात बगदादचा इब्न अल-नदीम लिहितो की मुइझ्झ अल-दौलाच्या काळात शहरात मला तीनशेच्या आसपास मानीवाले माहीत होते, आता पाचही नाहीत. तोच आणखी एक किस्सा देतो. खुरासानच्या राजाने समरकंदमधल्या मानीवाल्यांना मारायचं ठरवलं. पूर्वेकडच्या राजाचा निरोप आला (हा उइगुरच असावा): तुझ्या राज्यात हे जेवढे आहेत त्याहून जास्त मुसलमान माझ्या राज्यात आहेत, तू एकाला हात लावलास तर मी सगळ्यांना मारीन. खुरासानवाल्याने नाद सोडला आणि जिझिया घेऊन गप्प बसला.

कट्ट्यावरचा
म्हणजे शेजारचा राजा असला की वाचतात असंही झालं. मग वरचा सिद्धांत उलटा पडला ना?

मंजिरी
उलटा कशाला? वाचवणारा आणि गोत्यात आणणारा एकच असू शकतो. ७६८ आणि ८४३ चा खान एकाच गादीवरचा होता.

सायली_डी
पण फुजियानवाले राजाशिवायच सर्वात जास्त टिकले. माझा ‘साधूला जेवण कोण देणार’ हा मुद्दा तिथे कसा सुटला? तिथे ‘निवडलेले’ साधू शेवटपर्यंत होते, की नुसते शाकाहारी गृहस्थच उरले होते? ताम्रपट, यावर काही असेल तर टाका.

ताम्रपट
शियापुमधली हस्तलिखितं गावातल्या गृहस्थ पुरोहितांच्या घरी मिळाली आहेत, मठात नाहीत. बायका-मुलं असलेले लोक, अंत्यविधीला आणि पावसासाठी ते पाठ म्हणणारे. त्यावरून तू म्हणतेस तसं वाटतं. पण ही परिस्थिती शेवटची आहे, सुंग काळात काय होतं त्यावर मतं वेगळी आहेत. उद्या सवडीने लिहितो.

टवाळ
पावसाचे पाठ चालत असतील तर पत्ता द्या, आमच्याकडे जूनमध्ये गरज लागते.

आजोबा_ठाणे
कलिंगडात प्रकाश जास्त असतो हे कुठे लिहिलंय? मला डॉक्टरांनी बंद केलंय.